कॅनिझारो अभिक्रियेचे पाठ्यपुस्तकी स्पष्टीकरण : एक चिकित्सा

पदवी स्तरावरील कार्बनी रसायनशास्त्राच्या अध्यापनात कॅनिझारो अभिक्रियेला ठरलेले स्थान आहे. अल्फा हायड्रोजन नसलेली अल्डिहाइडे संहत अल्कलीच्या सान्निध्यात ठेवली असता त्यांच्या एका रेणूचे ऑक्सिडीकरण व दुसऱ्याचे क्षपण होते, हे विधान विद्यार्थी पाठ करतो. त्यामागोमाग बेन्झाल्डिहाइडचे समीकरण, तीन वक्र बाण असलेली यंत्रणा आणि शेवटी 'संकरित कॅनिझारो अभिक्रिया' या उपशीर्षकाखाली फॉर्माल्डिहाइडचे एक उदाहरण येते. एवढ्यावर हा घटक संपतो. प्रस्तुत लेखाचा उद्देश या मांडणीतील एका विशिष्ट स्पष्टीकरणाची चिकित्सा करणे हा आहे. संकरित अभिक्रियेत फॉर्माल्डिहाइडचेच ऑक्सिडीकरण का होते, या प्रश्नाला आपल्या पुस्तकांतून आणि वर्गटिपणांतून जे उत्तर सर्रास दिले जाते, ते निष्कर्षाच्या दृष्टीने बरोबर असले तरी कारणाच्या दृष्टीने सदोष आहे, असे लेखकाचे मत आहे. परीक्षेत ते उत्तर पूर्ण गुण मिळवून देते, आणि म्हणूनच ते तपासून पाहणे अगत्याचे आहे.

ते उत्तर साधारणतः असे असते : फॉर्माल्डिहाइड हे सर्वांत क्रियाशील अल्डिहाइड असल्यामुळे हायड्रॉक्साइड आयन प्रथम त्याच्यावर हल्ला करतो. ज्याच्यावर प्रथम हल्ला होतो ते हायड्राइड देते, म्हणून त्याचे फॉर्मेटमध्ये रूपांतर होते आणि दुसऱ्या अल्डिहाइडचे क्षपण होते. या उत्तरातील आक्षेपार्ह शब्द 'प्रथम' हा आहे. तो आक्षेपार्ह का, हे समजण्यासाठी आधी साध्या अभिक्रियेविषयी प्रयोगाने नेमके काय सिद्ध केले आहे, हे पाहावे लागेल.

साध्या अभिक्रियेचा पुरावा

स्तानिस्लाओ कॅनिझारो यांनी 1853 साली बेन्झाल्डिहाइडवर पोटॅशची क्रिया करून बेन्झोइक आम्लाचा क्षार आणि बेन्झिल अल्कोहोल मिळवले. 1848 च्या सिसिलीतील उठावात भाग घेतल्यामुळे त्यांना मायदेश सोडावा लागला होता. फ्रान्समधून परतल्यावर पीडमाँटमधील अलेस्सांद्रिया येथे अध्यापन करीत असताना त्यांनी हे काम केले. अणुभारांच्या गोंधळातून रसायनशास्त्राला बाहेर काढणारे, 1860 च्या कार्ल्सरूह परिषदेतील कॅनिझारो ते हेच. त्यांनी मिळवलेली उत्पादने आजही वर्गात जशीच्या तशी मिळतात. समीकरण असे :

2 C6H5CHO + KOH → C6H5CH2OH + C6H5COOK

समीकरण सोपे आहे. मात्र अल्कोहोलच्या कार्बनवर आलेला जादा हायड्रोजन कोठून आला, याचे उत्तर त्यात नाही. तो पाण्यातून आला असेल, अल्कलीतून आला असेल किंवा दुसऱ्या अल्डिहाइड रेणूतून थेट आला असेल. याचा निर्णय जड पाण्याने दिला. फ्रेडेनहागेन आणि बोनहोफर यांनी 1938 साली ही अभिक्रिया जड पाण्यात घडवून उत्पादित अल्कोहोल तपासले, तेव्हा त्याच्या कार्बनशी जोडलेले ड्यूटेरियम आढळले नाही. पाण्याशी सहज अदलाबदल करणाऱ्या हायड्रॉक्सिल गटाची गोष्ट वेगळी. तेथे ड्यूटेरियम असले तरी साध्या पाण्याने धुतल्यावर ते निघून जाते. म्हणजे कार्बनवरचा हायड्रोजन द्रावकातून येत नाही, एका अल्डिहाइडच्या कार्बनवरून दुसऱ्याच्या कार्बनवर तो सरळ जातो. हायड्राइड स्थानांतरणाची कल्पना या निरीक्षणावर उभी आहे. पुस्तकातील बाण हा त्या निरीक्षणाचा सारांश होय, हे विद्यार्थ्याला सांगितले जात नाही. त्यामुळे बाण हाच पुरावा आहे असे त्याला वाटू लागते.

दुसरा पुरावा वेगाचा. बेन्झाल्डिहाइडच्या बाबतीत अभिक्रियेचा वेग अल्डिहाइडच्या संहतीच्या वर्गाशी आणि हायड्रॉक्साइडच्या संहतीशी समप्रमाणात असतो, म्हणजे एकूण कोटी तीन भरते. याचा अर्थ, वेगनिर्धारक पायरीच्या संक्रमण अवस्थेत दोन अल्डिहाइड रेणू आणि एक हायड्रॉक्साइड यांचा समावेश असतो. फॉर्माल्डिहाइड व फरफ्युराल यांच्या बाबतीत अल्कली पुरेशी संहत असेल, तर वेगाच्या समीकरणात हायड्रॉक्साइडच्या वर्गाची आणखी एक संज्ञा येते. तेथे हायड्राइड देणारा घटक एक ऋण भाराऐवजी दोन ऋण भारांचा आयन असतो, असा तिचा अर्थ लावला जातो. काही पुस्तके हा द्विऋण आयन सर्वच अल्डिहाइडांसाठी काढून दाखवतात, तर काही कोठेच दाखवत नाहीत. या दोन्ही मांडण्या वेगाच्या मोजमापाशी विसंगत आहेत.

तिसरा पुरावा आपल्या चर्चेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि वर्गात त्याचाच उल्लेख सर्वांत कमी होतो. ऑक्सिजनचा जड समस्थानिक असलेल्या पाण्यात बेन्झाल्डिहाइड व अल्कली ठेवल्यास अल्डिहाइडचा ऑक्सिजन पाण्यातील ऑक्सिजनशी अदलाबदल करतो, आणि ही अदलाबदल कॅनिझारो अभिक्रियेहून जलद होते. अदलाबदल होण्यासाठी हायड्रॉक्साइडने कार्बोनिल कार्बनला जोडले जाणे आणि नंतर तेथून सुटणे, या दोन्ही गोष्टी घडाव्या लागतात. म्हणजेच हायड्रॉक्साइडची जोडणी ही उलटसुलट चालणारी जलद पायरी आहे. हायड्राइडचे स्थानांतरण त्यानंतरचे, मंद आणि परत न फिरणारे आहे. जोडणीतून तयार झालेला आयन बहुतेक वेळा हायड्राइड न देताच मोडतो आणि अल्डिहाइड पूर्ववत होते.

येथे एक प्रामाणिक नोंद आवश्यक आहे. हायड्राइड एका झेपेत जातो की आधी एकटा इलेक्ट्रॉन व मागून हायड्रोजन अणू जातो, याविषयी मतभेद झालेले आहेत. स्वेन व सहकाऱ्यांनी 1979 साली समस्थानिकांच्या परिणामांवरून यंत्रणेची बारकाईने छाननी केली. 1982 साली चुंग यांनी, आणि 1987 साली अ‍ॅशबी व सहकाऱ्यांनी काही परिस्थितींत मुक्त मूलकांचा सहभाग असल्याचे प्रतिपादन केले. पाण्यातील नेहमीच्या अभिक्रियेसाठी हायड्राइड स्थानांतरण हेच स्वीकृत वर्णन आहे. पुढील विवेचन त्यालाच धरून केले आहे.

'प्रथम हल्ला' या कल्पनेतील दोष

हायड्रॉक्साइडची जोडणी जलद व उलटी फिरणारी असेल, तर 'प्रथम कोणावर हल्ला झाला' हा प्रश्नच गैरलागू ठरतो. मिश्रणातील दोन्ही अल्डिहाइडांवर हायड्रॉक्साइड सतत जोडले जाते व सुटते. मंद पायरी घडण्याआधी हे समतोल कितीतरी वेळा प्रस्थापित झालेले असतात. उत्पादन काय मिळेल, हे कोणता आयन आधी तयार झाला यावर अवलंबून नसते. समतोलात प्रत्येक अल्डिहाइड कोणत्या रूपात किती प्रमाणात आहे, आणि त्या रूपांमधील हायड्राइड स्थानांतरणाचे वेगस्थिरांक किती आहेत, यांवर ते ठरते. क्रमाची कल्पना सोडून प्रमाणाची कल्पना स्वीकारली की संकरित अभिक्रियेचे चित्र स्पष्ट होते. यासाठी थोडे अंकगणित करणे योग्य होईल.

पाण्यात फॉर्माल्डिहाइड जवळजवळ पूर्णतः जलयोजित असते. मुक्त CH2O च्या एका रेणूमागे CH2(OH)2 चे सुमारे 2000 रेणू असतात. बेन्झाल्डिहाइडची स्थिती नेमकी उलट आहे. बेन्झीन वलयाशी असलेल्या संयुग्मनामुळे त्याचा कार्बोनिल गट स्थिर असतो, आणि शंभर रेणूंपैकी जेमतेम एक जलयोजित असतो. शिवाय फॉर्माल्डिहाइडच्या हायड्रेटचा pKa सुमारे 13.3, तर बेन्झाल्डिहाइडच्या हायड्रेटचा सुमारे 15 आहे. आता हायड्रॉक्साइडची संहती 1 मोल प्रति लिटर, म्हणजे pH सुमारे 14, असलेले द्रावण घेऊ.

या द्रावणात फॉर्माल्डिहाइडच्या हायड्रेटच्या प्रत्येक रेणूमागे त्याचे सुमारे पाच ऋण आयन असतील. म्हणजे एकूण फॉर्माल्डिहाइडपैकी पाच-षष्ठांश भाग हायड्राइड देऊ शकणाऱ्या आयनाच्या रूपात असेल. मुक्त CH2O, जे हायड्राइड स्वीकारू शकते, ते मात्र बारा हजारांत एक एवढेच उरेल. बेन्झाल्डिहाइडमध्ये हायड्रेटच्या दहा रेणूंमागे एक आयन असेल, म्हणजे एकूण बेन्झाल्डिहाइडच्या हजारांत एक. उरलेले सुमारे 99 टक्के मुक्त, हायड्राइड स्वीकारण्यास तयार असलेल्या रूपात असेल. प्रत्यक्ष प्रयोगात अल्कली याहून बरीच संहत असते आणि तेथे pH ची मोजपट्टी शब्दशः लागू पडत नाही. परंतु अल्कली वाढल्यावर बदलाची दिशा तीच राहते.

हायड्राइड देणाऱ्याला दाता आणि घेणाऱ्याला ग्राहक म्हणू. फॉर्माल्डिहाइड जवळजवळ सगळे दात्याच्या रूपात आहे आणि बेन्झाल्डिहाइड जवळजवळ सगळे ग्राहकाच्या रूपात. दोन्ही अल्डिहाइडांची एकूण संहती समान धरली, तर संकरित अभिक्रियेसाठी दाता आणि ग्राहक यांच्या प्रमाणांचा गुणाकार सुमारे 0.8 येतो. बेन्झाल्डिहाइडच्या स्वतःशी होणाऱ्या अभिक्रियेसाठी तो सुमारे 0.001 येतो, कारण तेथे ग्राहक मुबलक पण दाते दुर्मीळ आहेत. फॉर्माल्डिहाइडच्या स्वतःशी होणाऱ्या अभिक्रियेसाठी तो सुमारे 0.00007 येतो, कारण तेथे दाते मुबलक पण ग्राहक दुर्मीळ आहेत. संकरित अभिक्रिया इतकी स्वच्छ का होते, याचे उत्तर या तीन अंकांत मोठ्या प्रमाणात सामावलेले आहे. एकाच अल्डिहाइडला दोन्ही भूमिका करावयाच्या असतात, तेव्हा जलयोजन वाढले की दाते वाढतात पण ग्राहक घटतात, आणि जलयोजन घटले की याच्या उलट होते. दोन भिन्न अल्डिहाइडे एकत्र आल्यावर हा अडसर राहत नाही.

आता चौथी शक्यता, म्हणजे बेन्झाल्डिहाइडने हायड्राइड देऊन फॉर्माल्डिहाइडचे मेथॅनॉल करणे. तिचा गुणाकार हजारात एक गुणिले बारा हजारांत एक, म्हणजे सुमारे एक कोटी वीस लाखांत एक इतका लहान आहे. अपेक्षित मार्गाच्या तुलनेत ही तफावत सुमारे एक कोटी पटींची आहे.

या गणिताची मर्यादाही सांगितली पाहिजे, अन्यथा एका चुकीच्या सुलभीकरणाच्या जागी दुसरे येईल. केवळ रूपांच्या प्रमाणावरून वेग ठरत नाही, वेगस्थिरांकही हवेत. मुक्त फॉर्माल्डिहाइड हा बेन्झाल्डिहाइडहून कितीतरी उत्सुक ग्राहक आहे. त्यामुळे चौथ्या मार्गाचा वेगस्थिरांक पहिल्याहून मोठा असणार आणि तो वरील तफावतीचा काही भाग भरून काढणार, हे उघड आहे. उलट मार्गाने स्पर्धा करावयाची, तर तो वेगस्थिरांक सुमारे एक कोटी पट मोठा असावा लागेल. तसा तो नसतो, हे उत्पादनांवरून दिसते. थोडक्यात, 'फॉर्माल्डिहाइड अधिक क्रियाशील' या विधानात तथ्य आहे. त्या क्रियाशीलतेमुळेच समतोल जलयोजित रूपाकडे झुकतो. मात्र याच क्रियाशीलतेच्या आधारे एखाद्या चौकस विद्यार्थ्याने विचारले की, अधिक क्रियाशील कार्बोनिल गटाकडे हायड्राइडनेही प्रथम धाव का घेऊ नये, तर पाठ्यपुस्तकी उत्तरापाशी त्याला देण्यासारखे काही नाही. हायड्राइडही केंद्रकस्नेहीच असतो. समतोलाच्या उत्तरात या शंकेचे निरसन आहे : ज्याच्याकडे धाव घ्यायची ते मुक्त फॉर्माल्डिहाइड द्रावणात शिल्लकच नसते.

अल्फा हायड्रोजनची अट

याच दृष्टीने पाहिले असता अल्फा हायड्रोजनविषयीच्या नियमाचे स्वरूपही बदलते. अल्फा हायड्रोजनचा अभाव हे हायड्राइड स्थानांतरणाचे कारण नव्हे. अल्फा हायड्रोजन असल्यास अल्कली तो काढून घेते आणि अल्डॉल अभिक्रिया कितीतरी वेगाने पुढे जाते. तो नसल्यास ही स्पर्धक वाट बंद होते आणि मंद वाटेला अवसर मिळतो, एवढाच त्या अटीचा अर्थ आहे. आयसोब्युटिराल्डिहाइडमध्ये एक अल्फा हायड्रोजन आहे. तरीही अल्कलीबरोबर तीव्र उष्णता दिल्यास त्यापासून कॅनिझारोची उत्पादने मिळतात, कारण त्याचे अल्डॉल उलट दिशेने मोडू शकते, तर कार्बॉक्सिलेट तयार झाल्यावर परतीचा मार्ग नसतो. प्रवेश परीक्षांच्या तयारीच्या पुस्तकांत हे उदाहरण 'अपवाद' म्हणून पाठ करवून घेतले जाते. वस्तुतः तो नियमाच्या कारणातून सरळ निघणारा निष्कर्ष आहे.

याउलट अल्फा हायड्रोजन नसूनही कॅनिझारो अभिक्रिया न देणारी अल्डिहाइडे आहेत. क्लोरालवर हायड्रॉक्साइड जोडले गेले की हायड्राइडऐवजी ट्रायक्लोरोमिथिल गट सुटतो आणि क्लोरोफॉर्म व फॉर्मेट मिळतात. 2,6-डायक्लोरोबेन्झाल्डिहाइडमध्ये संपूर्ण वलयच सुटून 1,3-डायक्लोरोबेन्झीन तयार होते. दोन्ही ठिकाणी जोडणीतून बनणारा आयन त्याच धाटणीचा आहे. त्याच्यापासून काय निसटेल, एवढाच फरक. पॅरा-हायड्रॉक्सिबेन्झाल्डिहाइडचे कारण निराळे आहे. अल्कलीत त्याचे फिनॉक्साइड होते, त्याचा ऋण भार वलयातून कार्बोनिल गटापर्यंत पोहोचतो, आणि हायड्रॉक्साइडची जोडणी व हायड्राइडचा स्वीकार ही दोन्ही कामे अवघड होतात. नेहमीच्या परिस्थितीत मिश्रण आम्लीय केल्यावर मूळ अल्डिहाइडच बहुतांशी परत मिळते.

अल्डॉल व संकरित कॅनिझारो या दोन वाटा एकमेकींच्या मदतीला येतात, याचे नमुनेदार उदाहरण पेंटाएरिथ्रिटॉल आहे. टोलेन्स व विगांट यांनी 1891 साली ते अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि फॉर्माल्डिहाइड यांपासून अल्कलीच्या साहाय्याने तयार केले. अ‍ॅसिटाल्डिहाइडला तीन अल्फा हायड्रोजन आहेत. ते एकामागून एक काढले जाऊन फॉर्माल्डिहाइडच्या तीन रेणूंशी अल्डॉल जोडण्या होतात. आता रेणूवर अल्फा हायड्रोजन उरत नाही, आणि चौथे फॉर्माल्डिहाइड त्याच्या कार्बोनिल गटाला हायड्राइड देऊन फॉर्मेट बनते :

CH3CHO + 4 HCHO + NaOH → C(CH2OH)4 + HCOONa

वजनांत पाहिले, तर 44 ग्रॅम अ‍ॅसिटाल्डिहाइड, 120 ग्रॅम फॉर्माल्डिहाइड आणि 40 ग्रॅम अल्कली यांपासून 136 ग्रॅम पेंटाएरिथ्रिटॉल आणि 68 ग्रॅम सोडियम फॉर्मेट मिळते. मुख्य उत्पादनाच्या निम्म्या वजनाचे उपउत्पादन तयार होते. ही प्रक्रिया कारखान्यात चालवणाऱ्याला फॉर्मेटचे काय करावयाचे, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून सोडवावा लागतो. अल्डॉल जोडण्या उलट्या फिरू शकतात, शेवटची पायरी फिरत नाही. संपूर्ण साखळीला पुढे ओढण्याचे काम हायड्राइडचे हे स्थानांतरणच करते. आणि फॉर्माल्डिहाइड स्वतःशी अभिक्रिया करून फारसे वाया का जात नाही, याचे उत्तर वर आलेल्या बारा हजारांतील एक या अंकात आहे.

प्रात्यक्षिकातील हिशोब

आपल्याकडील प्रात्यक्षिकात बहुधा बेन्झाल्डिहाइडच घेतले जाते. ते संहत पोटॅशबरोबर बूच लावलेल्या चंबूत जोराने हलवायचे, दाट पायस तयार झाले की रात्रभर ठेवायचे, दुसऱ्या दिवशी घट्ट झालेला पोटॅशियम बेन्झोएट पाण्यात विरघळवून ईथरने अल्कोहोल वेगळे काढायचे आणि पाण्याचा थर आम्लीय करून बेन्झोइक आम्ल मिळवायचे, ही पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. बेन्झाल्डिहाइड अल्कलीत विरघळत नसल्याने येथे वेग बराचसा हलवण्यावर अवलंबून असतो. वेगाची कोटी या प्रयोगातून काढता येणार नाही. त्यासाठी जलीय मेथॅनॉलसारखा, दोहोंना विरघळवणारा द्रावक हवा.

या प्रयोगाची खरी उपयुक्तता हिशोबात आहे. 10.6 ग्रॅम, म्हणजे 0.1 मोल, शुद्ध बेन्झाल्डिहाइडपासून जास्तीत जास्त 5.4 ग्रॅम बेन्झिल अल्कोहोल आणि 6.1 ग्रॅम बेन्झोइक आम्ल मिळू शकते. प्रत्यक्षात विद्यार्थी पुष्कळदा 6.5 ग्रॅमहून अधिक आम्ल दाखवतो, आणि 'नीट वाळलेले नाही' असा शेरा मारून वही परत केली जाते. पण बाटली जुनी असेल तर कारण वेगळे असू शकते. बेन्झाल्डिहाइड हवेत सहज ऑक्सिडीकृत होते. दहा टक्के अल्डिहाइडचे आधीच आम्ल झाले असेल, तर उरलेल्या 0.09 मोलपासून 0.045 मोल अल्कोहोल व तितकेच आम्ल मिळेल, आणि मूळचे 0.01 मोल आम्ल त्यात मिसळेल. परिणामी आम्ल 6.7 ग्रॅम आणि अल्कोहोल 4.9 ग्रॅम. आम्ल ओले असेल, तर स्थिर वजन येईपर्यंत वाळवल्यावर आकडा खाली येतो. बाटली जुनी असेल, तर तो खाली येत नाही आणि अल्कोहोल मात्र कमी भरते. अल्डिहाइड वापरण्यापूर्वी सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणाने धुऊन ऊर्ध्वपातित केले, तर ही शंका मुळातच मिटते. ईथरचा थर सोडियम बायसल्फाइटने धुतल्यावरही कडू बदामाचा वास राहिला, तर अभिक्रिया अपुरी राहिली आणि धुलाईही अपुरी झाली, असे समजावे.

लेखकाची सूचना अशी की, या प्रयोगाला जोडून अ‍ॅनिसाल्डिहाइडचा संकरित प्रयोग ठेवावा, कारण वर मांडलेला मुद्दा तेथे डोळ्यांना दिसतो. 1935 साली डेव्हिडसन व बोगर्ट यांनी सुगंधी अल्डिहाइडांसाठी ही पद्धत तपशिलाने अभ्यासली होती. 13.6 ग्रॅम, म्हणजे 0.1 मोल, अ‍ॅनिसाल्डिहाइड मेथॅनॉलमध्ये घ्यावे. त्यात 0.13 मोल फॉर्माल्डिहाइडसाठी 37 टक्क्यांचे सुमारे 10.5 ग्रॅम फॉर्मॅलिन मिसळावे. अल्कलीशी संपर्क येण्यापूर्वीच दोन्ही अल्डिहाइडे एकत्र असावीत, म्हणजे अ‍ॅनिसाल्डिहाइडला एकट्याने अल्कलीत राहण्याची वेळ येत नाही. मग सुमारे 0.3 मोल पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाबरोबर, धूरकक्षात, तापमान 60 ते 70 अंश सेल्सियसच्या दरम्यान ठेवून काही तास अभिक्रिया होऊ द्यावी. सुरुवातीला उष्णता बाहेर पडते, तेव्हा थंड पाणी हाताशी असावे.

साध्या अभिक्रियेत एवढ्या अ‍ॅनिसाल्डिहाइडपासून जास्तीत जास्त 6.9 ग्रॅम अ‍ॅनिसिल अल्कोहोल मिळाले असते, संकरित अभिक्रियेत कमाल मर्यादा 13.8 ग्रॅम आहे. पण अल्कोहोलच्या वजनाहून बोलका पुरावा पाण्याच्या थरात असतो. ईथरने अल्कोहोल काढून घेतल्यावर तो थर आम्लीय करावा. फॉर्मिक आम्ल पाण्यात पूर्ण विरघळते. अ‍ॅनिसिक आम्ल थंड पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असून त्याचा वितळणांक सुमारे 184 अंश सेल्सियस आहे. थर स्वच्छ राहिला, तर हायड्राइड फॉर्माल्डिहाइडनेच दिला. पांढरा अवक्षेप आला, तर तो गाळून, वाळवून वजन करावा. समजा तो 0.76 ग्रॅम, म्हणजे 0.005 मोल भरला. एका मोल आम्लामागे अल्डिहाइडचे दोन मोल खर्ची पडतात, त्यामुळे 0.01 मोल, म्हणजे दहा टक्के, अ‍ॅनिसाल्डिहाइड स्वतःशीच अभिक्रिया करून बसले, असा निष्कर्ष निघतो. मात्र मूळ अल्डिहाइड आधी बायकार्बोनेटने धुतलेले असेल, तरच हा निष्कर्ष ग्राह्य. अन्यथा तोच अवक्षेप पाच टक्के अल्डिहाइड बाटलीतच ऑक्सिडीकृत झाल्याचे लक्षण असू शकते, आणि त्या दोहोंत भेद करण्याचे साधन विद्यार्थ्यापाशी राहत नाही. फॉर्मॅलिनचे प्रमाण मुद्दाम 0.05 मोलवर आणून हाच प्रयोग दुसऱ्या गटाला द्यावा. त्यांच्या पाण्याच्या थरात अवक्षेप भरपूर येईल, आणि दोन्ही गटांचे गाळणकागद शेजारी ठेवून चर्चा सुरू करता येईल.